आम्लाने झिजणारे दात: कीड नसताना होणारी हानी ओळखावी कशी आणि थांबवावी कशी

पुण्यातल्या दंतवैद्यकाच्या दवाखान्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. गार पाण्याने दात शिवशिवतात, पुढच्या दातांच्या कडा पातळ आणि काचेसारख्या दिसू लागल्या आहेत, जुने भरलेले सिमेंट जिभेला वर आल्यासारखे लागते, म्हणजे नक्की कीड लागली असणार. तपासल्यावर मात्र कीड सापडत नाही, क्ष-किरण चित्रातही काही दिसत नाही आणि तरीही दातांचा काही भाग खरोखरच नाहीसा झालेला असतो. ही झीज आम्लामुळे होते. हे आम्ल बाहेरून, म्हणजे लिंबू-पाणी, शीतपेये, आंबट सरबते यांतून येते, किंवा आतून, म्हणजे जठरातून वर चढणाऱ्या पाचक रसातून येते. दोन्हींचा उपाय वेगळा असल्यामुळे आधी आम्ल कुठून येते हे शोधावे लागते, आणि सुदैवाने त्याचा पुरावा दातांवरच उमटलेला असतो.

कीड आणि झीज यांतला फरक

कीड लागण्यासाठी जंतू लागतात. दातावर साचलेल्या चिकट थरातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल त्या थराखालीच अडकून राहते. म्हणून कीड जिथे ब्रश पोचत नाही तिथे सुरू होते: दाढांच्या खोल रेषांत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेशी. तिची सुरुवात बहुधा खडूसारख्या पांढऱ्या, निस्तेज डागाने होते. वरचा पातळ थर काही काळ टिकून राहतो आणि पोकळी आत वाढत जाते.

आम्लाच्या झिजेत जंतूंचा काहीच भाग नसतो. आम्ल थेट दाताच्या पृष्ठभागावर येते आणि इनॅमलमधले कॅल्शियम व फॉस्फेट विरघळवते. संगमरवरी ओट्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला की तेवढ्या भागाची चकाकी जाते, तसेच हे घडते. त्यामुळे झीज नेमकी स्वच्छ आणि उघड्या पृष्ठभागांवर होते, आणि दात काळजीपूर्वक घासणाऱ्या माणसालाही ती होऊ शकते. ‘मी तर दोन वेळा ब्रश करतो’ हा युक्तिवाद इथे उपयोगी पडत नाही. उलट आम्लाने मऊ झालेला थर जोरात घासून काढला जात असेल, तर ही निष्ठाच हानी वाढवते.

साखरेचा मुद्दाही यातूनच सुटतो. साखर नसलेले ‘डाएट’ शीतपेय किडीच्या दृष्टीने कमी घातक असेल, पण त्यातले फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल तेवढेच राहते, म्हणून झिजेच्या दृष्टीने त्याला सवलत देता येत नाही. साखर घातलेले शीतपेय दोन्ही वाटांनी नुकसान करते.

पदार्थ आंबट लागतो म्हणजे तो दातांना वाईटच, असेही नाही. दही आणि ताक यांचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा, चारच्या आसपास असतो. केवळ हा आकडा पाहिला तर ते दात झिजवतील असे वाटेल. परंतु त्यांत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की दातातून ते बाहेर ओढले जात नाही. म्हणून जेवणानंतरचे ताक बंद करण्याचे कारण नाही. लिंबाच्या रसाची गोष्ट उलटी आहे. त्याचा सामू दोन ते अडीचच्या दरम्यान असतो, त्यात कॅल्शियम नगण्य असते, आणि शिवाय सायट्रिक आम्ल कॅल्शियमला स्वतःशी बांधून घेते. इनॅमल साधारण साडेपाचच्या खाली विरघळू लागते हे लक्षात घेतले, तर लिंबू-पाण्याचा एक घोट काय करतो ते समजते. लिंबू पोटात गेल्यावर शरीरात ‘अल्कधर्मी’ होते असे टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींत मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, दातांशी त्याची भेट त्याआधीच झालेली असते.

पायरी पहिली: आरशासमोर दात वाचणे

भरपूर उजेड, एक मोठा आरसा आणि औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा दांडीचा छोटा तोंडाचा आरसा एवढे पुरेसे आहे. मोबाइलचा टॉर्च असेल तर उत्तम. दात कापसाने किंवा टिश्यूने कोरडे करून पाहावेत, कारण लाळेच्या ओल्या चकाकीत झीज लपते.

प्रथम पुढच्या वरच्या दातांची ओठाकडची बाजू पाहावी. निरोगी दातावर, विशेषतः तरुण वयात, आडव्या अतिशय बारीक रेषा दिसतात. त्या जाऊन पृष्ठभाग गुळगुळीत, रेशमासारखा मंद चकाकणारा झाला असेल, कड पारदर्शक व निळसर दिसत असेल किंवा तिचे बारीक तुकडे उडत असतील, तर बाहेरून येणाऱ्या आम्लाचा संशय घ्यावा. हिरडीला लागून इनॅमलची एक अरुंद पट्टी मात्र शाबूत दिसते, कारण तिथे लाळ व हिरडीतला द्रव संरक्षण देत असतो. किडीत नेमके उलटे घडते. दाताच्या या बाजूला ती बहुधा हिरडीच्या कडेलाच सुरू होते.

मग छोटा आरसा आत घालून त्याच दातांची टाळूकडची बाजू पाहावी. हा भाग सहसा कोणी पाहत नाही आणि सर्वांत मोठी माहिती तिथेच असते. जठरातून वर येणारे आम्ल जिभेवरून सरकत पुढच्या वरच्या दातांच्या मागच्या बाजूवर येते. तिथला पृष्ठभाग सपाट किंवा आत दबलेला, अतिशय गुळगुळीत आणि पिवळसर दिसत असेल, म्हणजे इनॅमल जाऊन आतले डेंटिन दिसत असेल, तर पोटाकडे लक्ष वळवावे. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू दोन्ही प्रकारांत बहुधा वाचते, कारण जीभ तिच्यावर टेकलेली असते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच येते.

शेवटी खालच्या दाढा पाहाव्यात. दाढेच्या टोकांवर गोल खळगे पडले असतील, त्यांचा तळ पिवळा असेल आणि जुने भरलेले सिमेंट आजूबाजूच्या दातापेक्षा उंच राहिले असेल, तर ते सिमेंट वर आलेले नसून भोवतालचा दात खाली गेलेला असतो. झोपेत दात खाण्याच्या सवयीनेही दात झिजतात, पण त्या झिजेत वरचा व खालचा दात एकमेकांवर बरोबर बसतील असे सपाट भाग तयार होतात. आम्लाच्या खळग्यात समोरचा दात पोचतच नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी इथेच सांगाव्यात. दोन्ही आम्ले एकाच तोंडात असू शकतात, त्यामुळे खुणा मिसळलेल्या दिसतात. आणि खळग्याचा तळ तपकिरी डागाळलेला असेल तर झीज बहुधा थांबलेली आहे असे समजावे. स्वच्छ, नुकता धुतल्यासारखा पिवळा तळ हे झीज चालू असल्याचे लक्षण आहे. रुग्णांना हे नेहमी उलटे वाटते.

पायरी दुसरी: चार दिवसांची वही

सलग चार दिवस, त्यांत एक सुट्टीचा दिवस येईल असे पाहून, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहावी. जेवणाचा तपशील महत्त्वाचा नाही. महत्त्वाच्या आहेत त्या जेवणांच्या मधल्या गोष्टी: लिंबू-पाणी, कोकम सरबत, आवळ्याचा रस, लेमन टी, लिंबू पिळलेला उसाचा रस, मसाला सोडा, व्यायामानंतरचे ‘स्पोर्ट्स ड्रिंक’, ॲपल सायडर व्हिनेगर, चघळण्याची किंवा पाण्यात फसफसणारी ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी. प्रत्येकापुढे ते किती वेळ पुरले हे लिहावे, कारण दातांच्या हिशेबात पेलाभर सरबत पाच मिनिटांत संपवणे आणि तेच तासभर घोट घोट घेणे यांत फार मोठा फरक आहे. प्रत्येक घोटानंतर लाळेला आम्ल धुऊन काढायला काही मिनिटे लागतात, आणि ती मिनिटे संपण्याआधीच पुढचा घोट येतो. दिवसात चार किंवा अधिक वेळा आम्लाचा संपर्क येत असेल तर झिजेचा धोका स्पष्टपणे वाढतो.

त्याच वहीत पोटाच्या नोंदी असाव्यात: रात्रीचे जेवण किती वाजता, झोप किती वाजता, करपट ढेकर, तोंडात आंबट पाणी येणे, सकाळी उठल्यावर घसा खवखवणे, आवाज बसणे किंवा तोंडाला आंबट चव. छातीत जळजळ झालीच पाहिजे असे नाही. कित्येकांना ती कधीच होत नाही आणि आम्ल मात्र रात्री घशापर्यंत येत असते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळण्याची क्रियाही क्वचितच होते, त्यामुळे रात्रीचे आम्ल दातांवर दिवसापेक्षा जास्त वेळ राहते. जठररसाचा सामू एक ते दोन असतो, म्हणजे तो लिंबापेक्षाही तीव्र असतो.

आणखी एक गोष्ट संकोच न करता लिहावी. पित्त झाले म्हणून घशात बोटे घालून ते ‘काढून टाकण्याची’ सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि काही जण वमनधौती नियमाने करतात. या प्रत्येक वेळी दातांवरून जठररस जातो. वजनाच्या काळजीने मुद्दाम उलट्या करणाऱ्या तरुण मुलामुलींतही दातांची टाळूकडची बाजू हीच पहिली खूण ठरते. अशा वेळी दंतवैद्याने आणि घरच्यांनी उलटतपासणी न करता डॉक्टरांपर्यंत पोचायला मदत करावी.

एक उदाहरण तपशिलाने

सहकारनगरमधल्या पन्नाशीच्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. ते रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर फिरायला जात. सोबत थर्मासमध्ये कोमट पाणी, त्यात एक अख्खे लिंबू आणि चमचाभर मध. पाऊण तासाच्या फेरीत ते घोट घोट संपत असे. घरी येताच दंतमंजनाने, तेही भरभरीत, बोटाने जोर लावून दात घासत. कामावरून परतायला उशीर होत असल्याने रात्रीचे जेवण साडेदहाला आणि अकराला अंथरुणावर. जळजळ नव्हती, पण सकाळी आवाज बसलेला असे, आणि पोट जड वाटले की कोकम सरबत घेत.

तपासणीत दंतवैद्याने तोंडाचे सहा भाग करून प्रत्येक भागातल्या सर्वांत झिजलेल्या दाताला शून्य ते तीन असे गुण दिले. ‘बेवे’ नावाची ही पद्धत 2008 पासून वापरात आहे. शून्य म्हणजे झीज नाही, एक म्हणजे पृष्ठभागाची ठेवण हरपू लागली, दोन म्हणजे निम्म्याहून कमी भागात स्पष्ट झीज, तीन म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त भाग गेला. त्यांच्या वरच्या पुढच्या दातांना टाळूच्या बाजूने तीन, खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांना दोन-दोन, वरच्या दोन्ही बाजूंना एक-एक आणि खालच्या पुढच्या दातांना शून्य, असे मिळून नऊ गुण झाले. नऊ ते तेरा म्हणजे मध्यम धोका. वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू पोटाकडे बोट दाखवत होती, तर कडांची पारदर्शकता आणि दाढांचे खळगे यांत थर्मासचाही वाटा होता. त्यातही पाणी कोमट असल्याने भर पडली, कारण आम्ल गरम असेल तर इनॅमल अधिक वेगाने विरघळते.

पायरी तिसरी: बाहेरचे आम्ल आवरणे

त्यांना लिंबू सोडायला सांगितले नाही. टेकडीवरच्या बाटलीत साधे पाणी आणि लिंबू न्याहारीच्या पोह्यांवर किंवा जेवणात, एवढाच बदल सांगितला. जेवताना लाळ भरपूर सुटते, अन्न सोबत असते, आणि आम्लाची वेळही मोजकी राहते. सरबत प्यायचेच असेल तर ते गार असावे, एका बैठकीत संपवावे, तोंडात खेळवू नये. स्ट्रॉ वापरायची तर तिचे टोक जिभेच्या मागच्या भागावर असावे. पुढच्या दातांमागे टेकवलेली स्ट्रॉ आम्लाची धार नेमकी तिथेच सोडते.

आंबट पेयानंतर लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. दुधाचा घोट किंवा चीजचा तुकडा अधिक चांगला, कारण त्यातून कॅल्शियम मिळते. साखर नसलेले च्युइंगगम लाळ वाढवते, मात्र ज्यांना जठराची तक्रार आहे त्यांनी पुदिन्याच्या तीव्र चवीचे टाळावे, कारण पुदिन्याने काहींचा त्रास वाढतो.

ब्रशच्या वेळेबद्दल थोडे नेमके सांगायला हवे. आंबट खाल्ल्यानंतर अर्धा-एक तास थांबून ब्रश करावे असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो चुकीचा नाही, परंतु त्याच्यावर जेवढा भर दिला जातो तेवढे त्याचे फळ नाही, कारण अर्ध्या तासात लाळ मऊ झालेल्या थराला फारसे कडक करू शकत नाही. आम्लाची वेळ कमी करणे आणि मऊ ब्रश हलक्या हाताने वापरणे यांचा उपयोग जास्त होतो. तरीही उलटीनंतर किंवा तोंडात आंबट पाणी आल्यानंतर लगेच ब्रश करू नये. तेव्हा फक्त चूळ भरावी. भरभरीत दंतमंजन, कोळशाची पेस्ट, मीठ आणि तंबाखूची मिश्री ही झिजलेल्या दातांसाठी सर्वांत आधी बंद करण्याची यादी आहे. मिश्रीची इतर दुष्परिणामांची यादी वेगळी आणि मोठी आहे.

पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. साध्या सोडियम फ्लोराइडपेक्षा स्टॅनस फ्लोराइड असलेली पेस्ट झिजेविरुद्ध सरस ठरते, कारण त्यातला कथिलाचा अंश पृष्ठभागावर आम्लाला दाद न देणारा पातळ थर बनवतो. वेष्टनावरची घटकांची यादी वाचून ती निवडावी. ब्रशनंतर पेस्ट थुंकावी, पण पेलाभर पाण्याने धुऊन टाकू नये.

पायरी चौथी: आतले आम्ल

इथे दंतवैद्याचे काम संशय घेऊन पुढे पाठवण्यापुरते आहे. अन्ननलिकेबाहेर दिसणाऱ्या परिणामांत दातांची झीज ही आम्ल वर चढण्याच्या विकाराची मान्य खूण मानली जाते. वरील गृहस्थांच्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आढळली. पोटविकारतज्ज्ञांनी न्याहारीच्या अर्धा तास आधी घेण्याची पॅन्टोप्राझोलची गोळी आठ आठवडे दिली आणि नंतर फेरतपासणी ठेवली. ही गोळी जठररसाची तीव्रता कमी करते, त्याचे वर येणे थांबवत नाही, म्हणून सवयींना पर्याय नाही. दुकानातून आणून ती महिनोन्महिने स्वतःच घेत राहणेही योग्य नाही.

रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान तीन तास असावेत. त्यांना उशिरा घरी येणे टाळता येत नव्हते, म्हणून मुख्य जेवण डब्यातून संध्याकाळी सातला कार्यालयातच आणि घरी आल्यावर गरज वाटली तर थोडे दूध, अशी तडजोड झाली. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली पंधरा ते वीस सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवले. उशांवर उशा रचून हे साधत नाही, कारण शरीर कमरेत मुडपते आणि पोटावर दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्याने जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहते व आम्ल कमी चढते. पोट जड वाटल्यावरचे कोकम सरबत बंद केले. ते स्वतःच आम्ल आहे.

रात्री आंबट पाणी वर आले तर पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरावी आणि थुंकावी. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी ती गिळू नये याची विशेष काळजी घ्यावी. गिळताना अन्न अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळे शौच यांपैकी काही असेल, तर दातांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पायरी पाचवी: काय भरावे आणि कधी

गेलेले इनॅमल परत येत नाही. लाळ आणि फ्लोराइड फक्त मऊ झालेला, अजून जागेवर असलेला थर कडक करू शकतात. म्हणून पहिल्या भेटीतच कॅप बसवण्याची घाई करू नये, आणि कोणी केली तर दुसरे मत घ्यावे: कॅपसाठी उरलासुरला निरोगी दातही कोरावा लागतो. आम्ल चालू असताना भरलेले सिमेंट टिकतही नाही. ग्लास आयनोमर तर आम्लात स्वतःच विरघळतो; कंपोझिट टिकते, पण त्याच्या कडेचा दात झिजून ते उघडे पडते.

त्याऐवजी आधी दातांचे सर्व बाजूंनी फोटो आणि साचे किंवा स्कॅन घेऊन ठेवावेत, शिवशिवणाऱ्या जागी फ्लोराइडचे वॉर्निश लावावे आणि सहा महिन्यांनी त्याच कोनातून फोटो काढून ताडून पाहावे. खर्चाची अडचण असेल तर धनकवडीतल्या भारती विद्यापीठाच्या किंवा कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधल्या रंगूनवाला दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तपासणी करून घेता येते.

सहकारनगरच्या गृहस्थांची शिवशिव काही आठवड्यांत कमी झाली. सहा महिन्यांनंतरच्या फोटोंत खळगे तेवढेच होते आणि त्यांच्या तळाला किंचित तपकिरी छटा आली होती. त्यानंतरच वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, दात न कोरता, कंपोझिटचा थर चढवला. वर्षातून एकदा फोटोंची तुलना त्यांना चालू ठेवावी लागेल, आणि आवाज पुन्हा बसू लागला तर वर्षाची वाट न पाहता यायला सांगितले आहे.